मदत हवी आहे: टू-बिन लावलं तरी बोल्ट संपतात, काय करू?

वेल्डर_दारव्हा:
राजेहो, लवकर सांगा. शेती अवजारांचं वर्कशॉप आहे. नट-बोल्ट, वायसर, कटिंग व्हील, वेल्डिंग रॉड सगळ्याला दोन-दोन डबे केले, प्रत्येकात चिठ्ठी टाकली. पुढचा डबा संपला की मागचा पुढं ओढायचा, चिठ्ठी ऑर्डरच्या खिळ्याला अडकवायची आणि माल मागवायचा, असं ठरलेलं. तरी काम ऐन भरात असताना दोन्ही डबे रिकामे. गिऱ्हाईक ट्रॅक्टर घेऊन दारात उभं राहतं. काहून होऊन राहिलं हे?

गावकरी_आर्वी:
आमच्या ग्रामपंचायतीनंही दोन डबे वाटले होते, हिरवा ओल्या कचऱ्याला, निळा सुक्याला. लोक सगळं एकातच टाकतात. आधी बायांची बैठक घ्या, मग फरक पडतो.

वेल्डर_दारव्हा:
भाऊ, कचऱ्याचं नाही. बोल्टचं आहे.

जिनिंगवाला:
डबे लहान आहेत. सरळ दुप्पट करा. नट-बोल्टात कितीसा पैसा अडकतो?

स्टोअरवाले_काका:
थांबा, आधी दुप्पट करू नका. मी बुटीबोरीत बरीच वर्षं स्टोअर सांभाळलं आहे. वेल्डरभाऊ, एकच सांगा: माल संपला त्या दिवशी चिठ्ठी कुठं होती? ऑर्डरच्या खिळ्यावर की डब्यातच? आणि कोणता माल संपला, ऑर्डर केव्हा देता, माल केव्हा येतो, हेही लिहा.

वेल्डर_दारव्हा:
सगळंच संपते काका. तरी सांगतो. बारा एमएमचा चाळीस लांबीचा बोल्ट संपला तेव्हा चिठ्ठी खिळ्यावर होती, ऑर्डरही गेली होती, माल रस्त्यात होता. चार इंची कटिंग व्हील संपले तेव्हा चिठ्ठी डब्याच्या तळाशी सापडली. ऑर्डर शनिवारी फोनवर, नागपुरातल्या इतवारीच्या दुकानदाराला. माल मंगळवारी गाडीनं येतो.

स्टोअरवाले_काका:
मग तुमच्याकडं दोन वेगळे आजार आहेत, दोघांना एक औषध चालणार नाही. चिठ्ठी खिळ्यावर असून माल संपला, म्हणजे पद्धत चालली, पण डब्यातला माल कमी पडला. चिठ्ठी डब्यातच राहिली, म्हणजे ऑर्डरच गेली नाही. तिथं दहापट मोठा डबा ठेवला तरी तो एक दिवस संपणारच.

व्हीलचं आधी बघा. कोणीतरी मागचा डबा पुढच्यात ओतत असेल.

वेल्डर_दारव्हा:
हो, पोरं ओततात. जागा मोकळी होते म्हणून.

स्टोअरवाले_काका:
तिथंच खबर मरते. मागचा माल डब्यात उघडा ठेवूच नका. जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरा, तोंड बाइंडिंग तारेनं बांधा आणि चिठ्ठी त्या तारेतच ओवा. पिशवी फोडायची तर चिठ्ठी हातात येणारच, ती तशीच खिळ्याला. नवा माल आला की मोजून पिशवीत, चिठ्ठी परत तारेला. पोरांना वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही.

सुपरवायझर_हिंगणघाट:
हे सगळं करण्यापेक्षा कपाटाला कुलूप लावा. मागेल त्याला वहीत सही घेऊन द्या. आमच्याकडं तसंच आहे, एक वायसर इकडचा तिकडं होत नाही.

स्टोअरवाले_काका:
तुमच्याकडं स्टोअरला वेगळा माणूस असेल. यांच्याकडं चावी मालकाच्या खिशात राहणार आणि मालक शेतात कल्टिव्हेटर जोडून देत असणार. वेल्डर वायसरसाठी वाट बघत बसला तर त्याच्या मजुरीत वायसरचं पाकीट येईल. महागाचं ड्रिल बिट, टॅप कुलपात ठेवा, तिथं माझी ना नाही.

सुपरवायझर_हिंगणघाट:
चोरी झाली की कळेल.

वेल्डर_दारव्हा:
चोरी नाही होत दादा, घरचीच पोरं आहेत. बोल्टचं सांगा. अखजी झाली की मृगापर्यंत जीव घेते गर्दी.

स्टोअरवाले_काका:
आठवड्याला किती लागतात? मागच्या डब्यात किती ठेवता?

वेल्डर_दारव्हा:
दीडशे ठेवतो, दिवाळीत ठरवलेलं. एरवी आठवड्याला साठेक जातात. आमच्या नऊ दात्यांच्या कल्टिव्हेटरला ३६ लागतात, सीझनला पाच-एक निघतात, वरून दुरुस्ती. दोनशे धरा.

स्टोअरवाले_काका:
आता हिशेब बघा. तुम्ही तीन दिवस धरले असणार, शनिवार ते मंगळवार. पण डबा शनिवारी फोन झाल्यावर संध्याकाळी संपला तर? चिठ्ठी पुढच्या शनिवारपर्यंत खिळ्यावर लटकते, मग मंगळवार. म्हणजे दहा दिवस, सुटी वजा जाता नऊ दिवस काम. आठवड्याला साठ म्हणजे रोजचे दहा, नऊ दिवसांचे नव्वद. गाडी चुकली तर दोन दिवसांचे वीस आणखी. एकशे दहा झाले, म्हणून दीडशेत हिवाळाभर निभलं. सीझनला रोजचे तेहतीस होतात. नऊ दिवसांचे तीनशे, गाडी चुकण्याचे सासष्ट. दीडशे तर पाचव्या दिवशीच संपणार.

तेव्हा अखजी ते मृग पिशवीत चारशे ठेवा. नाही तर बुधवारीही एक फोन करा. मग सगळ्यात लांब वाट सात दिवसांची, काम सहा दिवसांचं, तीनशेत भागतं. सीझनची चिठ्ठी पिवळ्या कागदाची करा. पेरणी उरकली की पांढरी लावा, दीडशेची.

जिनिंगवाला:
म्हणजे मी म्हटलं तेच झालं की, डबा मोठा करा!

स्टोअरवाले_काका:
बोल्टपुरतं बरोबर आहे तुमचं, आणि तेही सीझनपुरतं. वेल्डिंग रॉडचा साठा दुप्पट करून ठेवला तर पावसाळ्यात दमट होतो. ७०१८ ओला झाला की जोडात छिद्रं पडतात. रॉडला मोजणीही नको. फोडायची नाहीत अशी शेवटची पाकिटं सुतळीनं बांधा, चिठ्ठी त्याच सुतळीत. नवं पाकीट आलं की ते बांधायचं, जुनं सोडून वापरायचं.

जिनिंगवाला:
मी जिनच्या बेअरिंगलाही दोन-दोन डबे केलेत. वर्षात एखादं जाते. पैसे पडून आहेत.

स्टोअरवाले_काका:
त्याला ही पद्धत नाही. रोज लागणाऱ्या, स्वस्त मालाला आहे. तुमचं एक बेअरिंग कपाटात ठेवा, बस.

शिकाऊ_पुसद:
काका, चारशे बोल्ट मोजायचे कोणी? आमचा आठवडी बाजाराचा दिवस त्यातच जाईल.

स्टोअरवाले_काका:
काट्यावर. दहा मोजून वजन घ्या, त्याच्या चाळीसपट भरा. पण आधी माल एकच आहे का बघा. पस्तीस आणि चाळीस लांबीचे मिसळले की वजनही चुकतं आणि नट पूर्ण आटे धरत नाही. डोक्यावर ८.८ आहे का तेही बघा, साधे बोल्ट त्यात येऊ देऊ नका.

वेल्डर_दारव्हा:
व्हीलला तार आजच लावली. बोल्टची पिवळी चिठ्ठी केली, चारशेची. बुधवारचा फोन मात्र जमत नाही. इतवारीवाला म्हणते, एवढ्याशा मालाला आठवड्यात दोनदा गाडी परवडत नाही.

सुपरवायझर_हिंगणघाट:
यवतमाळला दुकानं नाहीत का? एसटीच्या पार्सलनं मागवा, दुसऱ्या दिवशी हातात.

वेल्डर_दारव्हा:
आहेत, पण ८.८ सांगितला तरी कधी कधी बिनखुणेचा येते. कोणाला तिथलं पक्क्या मालाचं दुकान माहीत असेल तर मेसेज करा.