‘बऱ्यापैकी’ म्हणजे नक्की किती?

कोथरूडकर: परदेशातल्या मराठी कुटुंबांच्या अभ्यासासाठी प्रश्नावली मराठीत करते आहे. ‘तुम्हाला मराठी किती चांगली येते?’ याखाली पर्याय आहेत: अजिबात नाही, थोडी, बऱ्यापैकी, चांगली, अस्खलित. सुट्टीत पुण्याला आलेल्या एका कुटुंबाकडून ती भरून घेतली. बारा वर्षांच्या मुलाने ‘चांगली’वर खूण केली, त्याच्या आईने स्वतःपुढे ‘बऱ्यापैकी’वर. आई रोज मराठी वाचते. मुलाला आजीशी एक वाक्य धड पुरं करता येईना. तो म्हणाला, “शनिवारच्या वर्गात माझंच मराठी सगळ्यांत चांगलं आहे.” आई म्हणाली, “बाबांसारखं मला कुठे येतं?” माझे शब्द चुकलेत का?

पेठकर: ‘अस्खलित’ काढा. अस्खलित म्हणजे शुद्ध, एकही इंग्रजी शब्द न घालता. तसं आता पुण्यात तरी कोण बोलतं?

मास्तर: स्खलन म्हणजे घसरणं, अडखळणं. न अडखळता बोलतो तो अस्खलित बोलतो, मग मधे इंग्रजी शब्द आले तरी. खरी गोची ‘येते’मध्ये आहे. त्या मुलाला समजतं सगळं, बोलता येत नाही, वाचायचं तर बहुधा त्याहून कमी. तिन्ही वेगळं विचारा. आणि ‘चांगली’ म्हटलं की माणूस मनात कुणाशी तरी तुलना करतो: मुलाने वर्गमित्रांशी केली, आईने वडिलांशी. म्हणून काम विचारा: ‘काल शाळेत काय झालं ते आजीला फोनवर पूर्ण मराठीत सांगता येतं का?’ पर्याय: सहज, अडखळत, मदत घेऊन, नाही.

आजी, पाषाण: माझ्या लेकीनेही असाच कागद भरला होता. ‘घरात कोणती भाषा बोलता?’ तिने मराठी लिहिलं. ती बोलते मराठीतच, पण नातू उत्तर इंग्रजीत देतो. मग घरात मराठी आहे की नाही? मला त्याच्याशी बोलायचं असतं हो.

मास्तर: आजी, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. ‘आई तुझ्याशी कोणत्या भाषेत बोलते’ आणि ‘तू आईला कोणत्या भाषेत उत्तर देतोस’ हे दोन प्रश्न हवेत. बाबा, भावंडं, आजी-आजोबा यांच्यासाठीही तसेच.

पेठकर: पण ज्याने आजीला कधी काही सांगितलंच नाही, तो ‘सहज’वर खूण करून मोकळा होईल.

मास्तर: होईल. म्हणून थोड्या मुलांकडून तरी गोष्ट प्रत्यक्ष सांगून घ्यावी आणि खुणेशी ताडून पाहावी.

कोथरूडकर: नवा प्रश्न त्याच दोघांना दिला. मुलगा थोडा वेळ थांबला आणि ‘मदत घेऊन’वर खूण केली. आईने ‘सहज’. वाचनाच्या प्रश्नात मात्र मधला पर्याय अडला आहे. ‘बऱ्यापैकी’ला आई कमी समजते, तिचा नवरा पुष्कळ समजतो. ‘मध्यम’ दोघांनाही पटला नाही. दुसरा शब्द आहे का कुणाकडे?