प्रतिसाद: पट्ट्यांच्या डबीवरचा कोड आणि ग्लुकोमीटरचा कोड

> नवीन डबी लावली, मशीनने एरर दिली नाही, म्हणजे कोड बरोबरच असणार ना?

नाही, बटणाने कोड टाकायच्या जुन्या ग्लुकोमीटरमध्ये तरी नाही. पट्टी कुठल्या बॅचची आहे हे त्या मशीनला कळतच नाही. प्रत्येक बॅचमधलं एन्झाइम थोडं कमी-जास्त प्रतिसाद देतं, आणि आलेल्या करंटवरून साखर कशी काढायची ते मशीन कोडवरून ठरवतं. कोड चुकला तरी ते निमूटपणे आकडा दाखवतं, फक्त तो आकडा चुकीचा असतो. चिपवाल्या मशीनमध्ये चिप नसेल तर एरर येते, पण जुन्याच डबीची चिप राहिली असेल तर बरीच मशीन गप्प बसतात.

आमच्या आईचं हेच झालं. उपाशीपोटी 158, त्याच सकाळी लॅबमध्ये 121. गोळी वाढवायची चर्चासुद्धा सुरू झाली होती! डबी हातात घेतली तर तिच्यावर कोड 25, आणि पट्टी घातल्यावर स्क्रीनवर क्षणभर 18. आधीच्या डबीचा. नव्या डबीची चिप लावून 25 केल्यावर कंट्रोल सोल्यूशनचा, म्हणजे ठरावीक साखर असलेल्या द्रावणाचा थेंब लावला, आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत आला. रक्ताऐवजी हा थेंब लावला की चूक लगेच पकडता येते (बाटली उघडल्यावर साधारण तीन महिनेच चालते, तारीख लिहून ठेवा).

तेव्हापासून डबी संपली की तिची चिपही कचऱ्यात. आणि उरलेल्या दोन-चार पट्ट्या नव्या डबीत ओतायच्या नाहीत, आईला ही काटकसर फार आवडते.