मे महिन्यात सायकलवर खरंच जास्त कॅलरी जळतात का?

कापूसवाला: वय ४२, वजन ७० किलो. गावाहून हिंगणघाटकडे सपाट रस्ता, १८ च्या वेगाने बरोबर एक तास. डिसेंबरात ठोके सरासरी १३०, आता मेमध्ये १४५. ठोक्यांच्या सूत्राने ७०७ आणि ८४३ कॅलरी आल्या, व्यायामात पडून राहण्याच्या किती पट ऊर्जा लागते ते सांगणाऱ्या मेट तक्त्याने दोन्ही वेळा ४७६. कोणता आकडा धरू?

राजेहो_पेडल: ८४३ धरा जी. ठोके तुमचे सोताचे, तक्ता परक्याचा. एवढा घाम काय फुकट गेला?

मास्तर_वर्धा: घाम गेला, कॅलरी नाही गेल्या. तुमचं सूत्र हेच ना?

```
kJ/min = -55.0969 + 0.6309*HR + 0.1988*kg + 0.2017*age
```

उत्तराला ६० ने गुणून ४.१८४ ने भागलं की तासाच्या कॅलरी. यात एक ठोका वाढला की तासाला ९ कॅलरी वाढतात. तो का वाढला, हे सूत्राला कळत नाही. उन्हात रक्त अंग गार करायला कातडीकडे जातं, घामाने रक्तातलं पाणीही घटतं. मग एका ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं आणि हृदय जास्त वेळा धडधडतं. पायांचं काम जवळपास तेवढंच, तरी १५ ठोक्यांचे १३६ वाढले. तपासायचं असेल तर मेमध्येच पहाटे ५ ला तोच रस्ता त्याच वेगाने काढा. ठोके १३० कडे उतरले, तर दोष उन्हाचा.

राजेहो_पेडल: आणि समोरून वारा असला तर? तक्त्यात वारा कुठाय? माया भावाची दुधाच्या कॅनची सायकल अन् रेसिंगची सायकल, दोघींना १८ ला तेच ६.८ मेट!

मास्तर_वर्धा: हे मान्य. तक्ता फक्त वेग आणि वजन बघतो. वाऱ्याच्या दिवशी ठोके जास्त खरं सांगतात. आणि त्या ४७६ मधले ७० तर तासभर बाजेवर पडूनही जळालेच असते.

विहीरबहाद्दर: मी विहिरीत अर्धा तास पोहतो. घड्याळ ९५ ठोके दाखवते, तेवढ्याच दमात सायकलवर १२०. म्हणजे पोहणं बेकार काय? पोट तर हलूनच नाही रायलं.

मास्तर_वर्धा: पोटाचा हिशेब ताटात आहे, भाऊ. पाण्यात आडवं असताना आणि पाण्याच्या दाबाने रक्त छातीकडे परततं, एका ठोक्यात जास्त जातं, म्हणून ठोके साधारण १० ने कमी पडतात. उन्हाच्या नेमकं उलट. तुझा फरक २५ चा आहे, म्हणजे मनगटावरचं घड्याळही पाण्यात चुकत असेल. काठावर हात टेकताच मानेवर बोटं ठेवून १५ सेकंद मोज, चारने गुण. सूत्र तसंही जमिनीवरच्या व्यायामातून काढलंय. पोहण्याला मी तक्ताच धरीन, पण हातपाय आपटणाऱ्याला तोही कमीच मोजतो.

कापूसवाला: पण डिसेंबरात ऊन नव्हतं, तरी ७०७ आणि ४७६?

मास्तर_वर्धा: तुमचे ठोके मुळातच जास्त असतील. बसल्या जागी किती पडतात?

कापूसवाला: ८४.

राजेहो_पेडल: मंग चहा कमी करा आधी!