हॉस्पिटलची मालिका, आणि अचानक सगळे गायला लागतात. कोणती?

रेवा, दादर: पंधराएक वर्षांपूर्वी रूममेटच्या लॅपटॉपवर अर्धाच एपिसोड पाहिला होता. एक बाई बेशुद्ध पडते, मग डॉक्टर-नर्स सगळे गात नाचतात. एरवी मालिका साधी. नाव आठवतंय का कुणाला? आणि असले एपिसोड चालतात की उगाच थिल्लरपणा?

निखिल: ग्रेज अ‍ॅनाटॉमी, २०११. अपघातात डॉक्टर कॅली जखमी होते आणि सगळे गातात. डोळे झाकून सांगतो.

सुहास, गिरगाव: मग आता उघडा. तुमचा एपिसोड खरा आहे, पण त्यात पेशंट स्वतः डॉक्टर आहे, आणि गाणी मालिकेत पूर्वी वाजलेलीच. रेवाताई, शौचाच्या नमुन्यावर आख्खं गाणं होतं का? असेल तर ते स्क्रब्ज, २००७. त्या बाईला समोरच्याचं बोलणंच गाण्यासारखं ऐकू येतं. डॉक्टरांना आधी ते मनाचे खेळ वाटतात. पुढे कळतं, मेंदूतली रक्तवाहिनी फुगलीय. म्हणजे गाणं हेच लक्षण. ऑपरेशन झालं की गाणी बंद. म्हणून त्या नाचातही पोटात गोळा येतो.

मुग्धा: ही पळवाट आहे. संगीत नाटकात नायक पद सुरू करतो तेव्हा त्याला कुणी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतं का? आजार, अपघात, राक्षस अशी कारणं देणारा लेखक आधीच माफी मागून मोकळा होतो.

शैलेश: आमच्याकडे पण महाएपिसोडला सगळे कलाकार गणपतीसमोर नाचतात की!

मुग्धा: शैलेश, तो सण झाला. तिथे नाचायला कारण आहेच.

सुहास, गिरगाव: राक्षसाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. बफी, व्हॅम्पायर मारणाऱ्या मुलीची मालिका, २००१. राक्षसाच्या जादूने गावातला प्रत्येक जण गाऊ लागतो आणि मनात दडवलेलं गाण्यातून बाहेर पडतं. मैत्रिणीने बफीला मेलेल्यातून परत आणलेलं असतं, नरकातून सोडवलं अशा समजुतीने. गाता गाता बफी सांगून टाकते की ती स्वर्गात होती. गाणं संपलं तरी ते शब्द परत घेता येत नाहीत, पुढचे कितीतरी एपिसोड सगळे तेच भोगतात. राक्षस काढून टाका, ती हे मैत्रिणीपाशी बोललीच नसती.

मुग्धा: बफी मान्य. स्क्रब्ज नाही. पेशंट बरी झाली, पुढच्या आठवड्यात मालिका जैसे थे.

कल्पना, लालबाग: माझ्या आत्याला रात्री भजनं ऐकू यायची. आम्ही शेजारच्या मंडळावर चिडायचो. डॉक्टर म्हणाले, कान कमी झालेत, मेंदू रिकामी जागा भरतोय. मशीन लावल्यावर कमी झाली. पण आमचं बोलणं मात्र तिला कधी गाण्यात ऐकू आलं नाही.

रेवा, दादर: शौचाचं गाणं!! तेच, स्क्रब्ज. रूममेट महिनाभर जेवताना गुणगुणायची. मुग्धाताई, मला तर एवढंच आठवलं, पुढच्या आठवड्याचं काहीच नाही.

निखिल: तरी कॅलीचा बघाच एकदा.