करसवलत कोणाला दिली, यानेच फरक पडतो

"रक्कम तेवढीच असेल तर गरिबाला दिली काय, श्रीमंताला दिली काय, मागणी सारखीच वाढणार ना?"

नाही. हाती आलेल्या जादा 100 पैकी किती खर्च होतात, ते बघा. यालाच सीमांत उपभोग प्रवृत्ती म्हणतात. समजा, कमी उत्पन्नाच्या घरात 80 खर्च होतात आणि श्रीमंत घरात 30. पहिल्याच फेरीत 50 चा फरक पडला. पहिल्या घरात औषधं, दुरुस्ती पैशाअभावी अडलेली असते आणि कर्जही सहज मिळत नाही. दुसऱ्या घराचा खर्च आधीच मनासारखा चाललेला असतो, त्यामुळे भर पडते ती बचतीत.

मेख वेगळीच आहे. ज्याला कर लागतच नाही, त्याला नुसत्या सवलतीतून काही मिळत नाही. रक्कम थेट खात्यात यावी लागते. आणि ती जुनं कर्ज फेडण्यात गेली, तर मागणी लगेच हलत नाही.