ज्ञानदाची हजेरी

"परदेशी शाळेत मुलीचं नाव रोज चुकीचं घेतात. यावर कुणाला छोटी कथा सुचते का?"

लंडनच्या शाळेत हजेरी घेताना बाई रोज अडखळायच्या. "डिनाया... डिनायानाडा?" ज्ञानदा निमूट हात वर करायची. तिसऱ्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "डायना चालेल ना?" त्या दिवशी हात वर गेला नाही. गैरहजेरी लागली.

(दोष स्पेलिंगचाही आहे. आपण 'ज्ञ'साठी डी-एन-वाय लिहितो आणि इंग्रजी जीभ मध्ये स्वर घुसवते.)

मधल्या सुट्टीत ती बाईंपाशी गेली. "मिस, 'गुड न्यूज' भरभर म्हणा."
बाईंनी म्हटलं.
"आता 'गुड'मधला फक्त 'ड' ठेवा आणि 'न्यू'चं 'न्या' करा."
"ड्न्या... ड्न्यानडा!"
'ड' जाडच राहिला. तेवढं तिने चालवून घेतलं.
"प्रेझेंट, मिस."