बीट उकडताना बोरचं पाणी असेल तर

"बीट उकडलं की फिकट, तपकिरी होतं, रंग सगळा पाण्यात जातो" अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. त्यावर सालीसकट उकडा असं सांगतात, ते बरोबर, पण सोबत वरचा देठ दोन बोटं ठेवा अन् खालचं शेपूट बी कापू नका, कापलं की तिथूनच रंग गळतो. पण तपकिरी होण्याचं कारण बहुतेक पाणी आहे. आमच्याकडं लातूरला बोरचं पाणी जड, उकळलं की अजून खारं (अल्कलाइन) होतं आणि बीटाच्या रंगाला तेच चालत नाही, त्याला जरा आंबट लागतं. खात्री करायची तर किसलेलं बीट दोन वाट्यांत त्याच पाण्यात उकळा, एकीत लिंबाचे चार थेंब टाका, फरक लगेच दिसतो. म्हणून मी कुकरच्या डब्यात पाणी न घालता अख्खं बीट वाफवते, मध्यम असेल तर चार शिट्ट्या, आणि लिंबू चिरल्यावर पिळते, कारण आंबट आधी घातलं तर बीट लवकर शिजत नाही. सोडा तर अजिबात नको.

हाताला रंग लागतो त्याचं म्हणाल तर चिरायच्या आधी हातांवर तेलाचं बोट फिरवा. डाग पडलाच तर ओला असतानाच मीठ-लिंबू चोळून गार पाण्यानं धुवा. लाकडी पाट आधी ओला करून घ्या, कोरडं लाकूड रंग आत ओढतं. तरी राहिलंच तर मीठ-लिंबू घासून पाट उन्हात ठेवा, हा रंग उजेडानं उडतो.